प्राज्ञपाठशाळा, वाई : कर्मविचाराची वाटचाल

विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे यांनी वाईत शास्त्राध्यापन सुरू केले आणि त्यातून प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. न्याय-वेदान्ताबरोबर येथे पूर्वमीमांसेचाही अभ्यास होई. मीमांसा हे कर्माचेच शास्त्र, त्यामुळे बाहेर सर्रास वापरला जाणारा शब्द येथे फार वेगळ्या अर्थाने शिकवला जाई.

पीक बुडाले की शेतकरी ‘कर्म माझं!’ म्हणून कपाळाला हात लावतो. या बोलण्यातले कर्म म्हणजे वाट्याला आलेले दैव. वेदान्तात संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भेद आहेत. बोलीने त्यांतले फळ देऊ लागलेले प्रारब्ध तेवढे उचलले आणि आज हातून घडणारे क्रियमाण बाजूला पडले. ‘कर्मदरिद्री’सारखी शिवीही त्याच वळणाची आहे.

मीमांसकाचे कर्म मात्र अजून करायचे असते. दर्शपूर्णमास हा अमावास्या-पौर्णिमेचा याग घ्या. याग आटोपतो, आहुती जळून जाते, पण त्याचे फळ असलेला स्वर्ग मरणोत्तर मिळायचा. मधल्या काळात कारण कुठे राहते? कर्मातून ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती निर्माण होते आणि ती फळापर्यंत टिकते, असे मीमांसेचे उत्तर आहे. फळ देण्यासाठी तिला ईश्वराचीही गरज भासत नाही. या शास्त्रात कर्म ही रडण्याची सबब होऊच शकत नाही, कारण विधी माणसाला ‘कर’ असे सांगतो.

1917 मध्ये विनोबा भावे येथे शास्त्रीबुवांकडे शिकले. पुढे 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना त्यांनी कर्म म्हणजे बाहेरची स्वधर्मक्रिया, विकर्म म्हणजे तिला मिळालेली मनाची जोड, आणि दोन्ही एक झाली की कर्माचा भार उरत नाही ते अकर्म, अशी मांडणी केली. यज्ञाच्या वेदीवरचे कर्म तिथे रोजच्या कामापर्यंत आले होते.

तो काळ संस्थेला सोपा नव्हता. पाठशाळेचे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी यांना सविनय कायदेभंगात तुरुंगवास घडला. तरी संस्थेने हाती घेतलेल्या धर्मकोशाचे काम थांबले नाही. 1937 पासून त्याचे भाग निघू लागले. संन्यासानंतर केवलानंद सरस्वती झालेल्या नारायणशास्त्र्यांनी मीमांसेतील संज्ञांचा आणि वचनांचा संग्रह मीमांसाकोशात केला. 1952 मध्ये पहिला खंड निघाला. 1955 मध्ये स्वामी गेले, तेव्हा काम पुरे झाले नव्हते. मागे राहिलेल्या शिष्यांनी, सहकाऱ्यांनी आणि मुद्रिते तपासणाऱ्या हातांनी ते पुढे नेले.

सातवा आणि अखेरचा खंड 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. मीमांसेच्या अभ्यासकांना हा कोश आजही उघडावा लागतो.