शैलीबदल, मांडणी कायम ठेवून
(साधे इमेज-टू-इमेज आणि सूचनाधारित संपादन)

छायाचित्रातल्या वस्तू, त्यांच्या जागा, संख्या आणि कडा जशाच्या तशा ठेवून फक्त चित्रणाची रीत बदलणे, उदाहरणार्थ फोटोचे शाईचे रेखाचित्र किंवा जलरंगचित्र करणे, याला येथे शैलीबदल म्हटले आहे. डिफ्यूजन मॉडेलकडून हे काम दोन रूढ मार्गांनी करून घेतात : साधे इमेज-टू-इमेज आणि सूचनाधारित संपादन. मूळ चित्र दोन्हींत मॉडेलला दिले जाते. एका मार्गात ते फक्त सुरुवातीला असते, दुसऱ्यात शेवटच्या पायरीपर्यंत समोर राहते. मांडणी टिकते की बिघडते, हे बहुतांशी यावरच ठरते.

साधे इमेज-टू-इमेज. या रीतीचा पाया २०२१ मध्ये चेनलिन मेंग आणि सहकाऱ्यांनी एसडीएडिट या पद्धतीने घातला. मूळ चित्रात ठरावीक प्रमाणात नॉइज मिसळायचा आणि मग मजकुरात वर्णन केलेल्या चित्राच्या दिशेने तो पायरीपायरीने काढत न्यायचा, एवढीच तिची कृती. नॉइज किती मिसळायचा हे strength हा आकडा ठरवतो. ५० पायऱ्या आणि strength ०.६ असेल, तर शेवटच्या ३० पायऱ्याच चालवल्या जातात. एकदा नॉइज मिसळला की मूळ चित्राकडे पुन्हा पाहण्याची सोय या रीतीत नाही. नॉइजखाली जे उरले असेल तेवढ्यावर मॉडेलला भागवावे लागते.

उरते काय, हा कळीचा प्रश्न आहे. नॉइज बारीक तपशील आधी गिळतो : खिडकीचे गज, पाटीवरची अक्षरे, चेहऱ्याच्या रेषा. रंगांचे मोठे पट्टे आणि उजेड-सावलीची ढोबळ वाटणी सर्वांत शेवटी पुसली जाते. शैली बदलताना नेमके याच्या उलट हवे असते. कडा राहाव्यात आणि रंग जावा अशी अपेक्षा असते, पण ही रीत कडा घालवते आणि रंग राखते. strength कितीही खालीवर केली तरी हा क्रम बदलत नाही.

लाल कौलांचे एक दुमजली घर घेऊ. समोर सहा खिडक्या, दारावर पाटी, ओट्यावर एक माणूस. याचे काळ्या शाईचे रेखाचित्र करायचे आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या मूळ वेळापत्रकानुसार strength ०.५ ठेवली, तर मूळ चित्राचा सुमारे ०.५३ पट अंश उरतो आणि त्यावर ०.८५ पट नॉइज बसतो. एवढ्यात पाटी वाचण्याजोगी राहत नाही, पण छप्पर मात्र तांबूसच राहते आणि चित्र धड फोटोही दिसत नाही, धड रेखाचित्रही. ०.७५ वर मूळ अंश ०.२४ पर्यंत घसरतो. आता शाईचे चित्र खरोखर शाईचे दिसू लागते, पण सहाच्या पाच खिडक्या होतात, नाहीतर ओट्यावरचा माणूस खांबात विरतो. दोन्ही अटी पाळणारा मधला आकडा शोधण्यात पुष्कळ वेळ जातो. या घरासारख्या चित्रात तो बहुधा सापडत नाही.

सूचनाधारित संपादन. या मार्गाचा पाया इन्स्ट्रक्ट-पिक्स-टू-पिक्स या मॉडेलने घातला. बर्कली येथील टिम ब्रुक्स, अलेक्झांडर होलिन्स्की आणि अलेक्सी एफ्रॉस यांनी ते नोव्हेंबर २०२२ मध्ये मांडले. येथे सुरुवात निव्वळ नॉइजपासून होते, मात्र मूळ चित्र प्रत्येक पायरीला स्वच्छ स्वरूपात सोबत दिले जाते. त्यासाठी मॉडेलच्या पहिल्या थरात जादा चॅनेल जोडले आहेत. त्यामुळे लाल रंग संपूर्ण टाकून देऊनही गज कुठे होते हे मॉडेलला शेवटपर्यंत पाहता येते.

नुसते पाहता येणे पुरेसे नाही. काय ठेवायचे हे शिकावेही लागते. त्यासाठी साडेचार लाखांहून अधिक उदाहरणे यंत्रानेच तयार केली गेली : एक आधीचे चित्र, एक सूचना आणि एक नंतरचे चित्र. नंतरचे चित्र आधीच्याशी जुळावे म्हणून प्रॉम्प्ट-टू-प्रॉम्प्ट ही पद्धत वापरली, कारण ती पहिल्या चित्राचे लक्षवेध-नकाशे दुसऱ्याला देते. मांडणी जपण्याची सवय मॉडेलला या जोड्यांतून लागली. जोड्यांतल्या उणिवाही तिच्यासोबत आल्या : वस्तू मोजणे आणि जागांविषयीच्या सूचना यांत हे मॉडेल कच्चे आहे.

येथे दोन आकडे हाताशी असतात. guidance_scale सूचनेचा जोर ठरवतो आणि image_guidance_scale मूळ चित्राला धरून राहण्याचा. त्यांच्या नेहमीच्या किमती ७.५ आणि १.५. घर रंगीतच राहिले तर दुसरा आकडा थोडा उतरवावा, खिडक्या हलू लागल्या तर चढवावा. strength मध्ये ही दोन कामे एकाच दोरीला बांधलेली असतात. मजकूरही वेगळ्या धाटणीचा लागतो. इमेज-टू-इमेजला तयार चित्राचे वर्णन द्यावे लागते, इथे आज्ञा द्यावी लागते : ‘याचे काळ्या शाईचे रेखाचित्र कर, रचना आणि चौकट तशीच ठेव.’ दुसरा अर्धा भाग गाळू नये.

नवी मॉडेले आणि सरकण्याचा दोष. २०२५ मध्ये आलेली फ्लक्स कॉन्टेक्स्ट आणि क्वेन-इमेज-एडिट ही मॉडेले मूळ चित्राचे तुकडे नव्या चित्राच्या तुकड्यांसोबत एकाच साखळीत ठेवतात. शैली त्यांना फार चांगली समजते, आणि खिडक्या सहसा सहाच राहतात. पण चित्र पिक्सेलवर पिक्सेल बसेलच असे नाही : सगळी चौकट किंचित मोठी होते किंवा एका बाजूला सरकते. एक कारण साधे आहे. चित्र मॉडेलच्या पसंतीच्या मापात आधी बसवले जाते, आणि त्यात लांबी-रुंदीचे प्रमाण थोडे बदलू शकते. म्हणून मूळ चित्र आधीच त्या मापात कापून घ्यावे.

तपासणी. निव्वळ डोळ्यांवर विसंबू नये, कारण छान चित्र पाहिले की डोळे मोजणे सोडतात. दोन्ही चित्रांच्या कडा कॅनी पद्धतीने काढून एकमेकींवर ठेवाव्यात. सगळीकडे सारखेच किंवा एकसारखे वाढत जाणारे अंतर पडले असेल, तर दोष मापाचा. निकाल मूळ चित्रावर पुन्हा जुळवून तो दुरुस्त होतो. एखाद्याच वस्तूच्या कडा चुकल्या असतील, तर मॉडेलने ती वस्तू नव्याने कल्पून काढली आहे. तेथे जुळवणीचा उपयोग नाही. पिक्सेलनिहाय साम्य मोजणारे आकडे इथे दिशाभूल करतात, कारण शैली बदलली की पिक्सेल बदलणारच.

आणखी एक तपासणी सहसा कोणी करत नाही. स्टेबल डिफ्यूजनमध्ये चित्र आधी लेटंट रूपात आवळले जाते आणि ८×८ पिक्सेलच्या चौकोनाचा एकच कप्पा होतो. काहीही न बदलता चित्र नुसते आवळून पुन्हा उलगडून पाहावे. पाटीवरची बारीक अक्षरे तेव्हाच विस्कटली, तर तो दोष संपादनाचा नाही. अशा वेळी मोठ्या मापाचे चित्र घेणे हाच उपाय.

निवड. इमेज-टू-इमेज निरुपयोगी आहे असे नाही. रंगसंगती ठेवून पोत बदलायचा असेल, तर कमी strength वर ते पुरते. कंट्रोलनेट (२०२३) जोडून कडांचा किंवा खोलीचा नकाशा प्रत्येक पायरीला पुरवला, तर strength जवळजवळ १ पर्यंत नेऊनही घर जागेवर राहते. ज्या चित्रात एकही रेघ हलून चालणार नाही, तेथे आजही हीच जोडी अधिक भरवशाची आहे. सूचनाधारित मॉडेलचा फायदा असा की, नकाशा काढण्याचा खटाटोप लागत नाही आणि नकाशात न मावणारे, म्हणजे कोणती गोष्ट काय आहे हेही त्याला दिसते.

काही शैलींच्या बाबतीत मात्र मांडणी राखण्याचा हा प्रश्नच लागू होत नाही. वारली चित्रांत माणूस टोकाला टोक भिडवलेल्या दोन त्रिकोणांचा असतो आणि यथार्थदर्शन नसते. तेथे मांडणी हीच शैली आहे. अशा वेळी कडा धरून ठेवणारे मॉडेल गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांचा फोटो देते, आणि त्याला वारली म्हणता येत नाही.