टायर झीजदर्शक

टायर झीजदर्शक (ट्रेड वेअर इंडिकेटर) म्हणजे टायरच्या खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले रबराचे आडवे उंचवटे होत. मोटारीच्या टायरमध्ये त्यांची उंची सुमारे १.६ मिमी असते. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की टायर बदलण्याची मर्यादा गाठली गेली असे समजतात.

== कार्य ==
रस्ता कोरडा असताना पकड मुख्यतः रबर आणि रस्ता यांच्या संपर्कातून मिळते. ओल्या रस्त्यावर मात्र टायरखालील पाणी आधी बाजूला सारावे लागते आणि ते काम खाचा करतात. खाचा उथळ झाल्या की त्यांत पाणी कमी मावते. वेग जास्त असल्यास टायर पाण्याच्या थरावर उचलला जातो आणि सुकाणू व ब्रेक यांचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. या स्थितीस ॲक्वाप्लेनिंग म्हणतात.

== किमान खोली ==
भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. त्यानुसार नक्षीची किमान खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ०.८ मिमी, तर इतर मोटार वाहनांसाठी १.६ मिमी आहे. युरोपीय संघातही मोटारींसाठी १.६ मिमी हीच मर्यादा आहे. ही कायदेशीर किमान मर्यादा होय. ओल्या रस्त्यावरील पकड त्याआधीच घटू लागते. म्हणून पावसाळी प्रदेशात मोटारीचे टायर ३ मिमीच्या आसपास बदलण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो.

== तपासणी ==
टायरच्या बाजूवर 'टीडब्ल्यूआय' ही इंग्रजी आद्याक्षरे किंवा लहान त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत खाचेमध्ये पाहिल्यास उंचवटा सापडतो. खोली मोजताना मापकाची दांडी उंचवट्यावर टेकवू नये, अन्यथा माप १.६ मिमीने कमी येते. झीजदर्शक मुख्य खाचांमध्येच असल्याने कडांची झीज त्यावरून कळत नाही. त्यामुळे आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी मोजणी करतात. फक्त मध्यभाग झिजल्यास हवा जास्त, दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी आणि एकच कड झिजल्यास चाकांचे अलाइनमेंट बिघडल्याची शक्यता असते.

== उदाहरण ==
एका मोटारीच्या नव्या टायरची खोली ८ मिमी होती आणि ३६,००० किमीनंतर ती ३.२ मिमी भरली, असे मानू. ४.८ मिमी झीज झाली, म्हणजे दर मिलिमीटरला ७,५०० किमी अंतर पडले. याच गतीने १.६ मिमीची मर्यादा आणखी १२,००० किमीनंतर येईल, परंतु ३ मिमीची पातळी केवळ १,५०० किमीनंतर येईल. हे मोजमाप मे महिन्यात घेतले असेल, तर कायद्याने चालणारा हा टायर पावसाळ्यापूर्वीच बदलणे सुरक्षित ठरते.

== मर्यादा ==
झीजदर्शक केवळ नक्षीची खोली दाखवतो. बाजूच्या भिंतीवरील भेगा, फुगवटा किंवा जुनेपणामुळे कडक झालेले रबर हे दोष त्यातून कळत नाहीत. असा टायर खोली पुरेशी असूनही धोकादायक असू शकतो.