दगडावर नाव नसतं

परवा कळलं, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. गाव सूरजागडच्या पायथ्याशी, एटापल्ली तालुक्यात. लगेच निघणं जमेना म्हणून चार ओळी लिहायला बसलो. बोटांनी आपोआप टाइप केलं, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' वाचलं आणि पुसून टाकलं. ही ओळ कुणाच्याही वडिलांना चालली असती.

शिवाय ती त्यांच्या घरात बसतही नव्हती. माडिया गोंडांमध्ये गेलेलं माणूस घर सोडून दूर कुठे शांत होत नाही, ते पूर्वजांमध्ये जाऊन मिळतं आणि घराशी त्याचं नातं राहतं.

मग दुसरा मसुदा लिहिला, चांगला लांबलचक. इंग्रजांशी लढलेल्या बाबुराव शेडमाकेंना १८५८ साली चांद्याला झालेली फाशी, १९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा, २००७ चा लोहखनिजाचा खाणपट्टा, २०२१ पासून डोंगरावरून उतरणारे ट्रक. सगळं खरं. पण यात बाबा कुठे होते? त्यांच्या मरणाच्या निमित्ताने मी माझीच मतं मांडत होतो. तोही पुसला.

मग आठवलं... काही वर्षांपूर्वी जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला त्यांच्याकडे गेलो होतो. गावाबाहेर उभे दगड दिसले. बाबा एका दगडावर हात ठेवून म्हणाले, "हा माझ्या बापाचा."

माडियांमध्ये गेलेल्या माणसासाठी असा दगड उभा करायची जुनी रीत आहे. शेजारच्या बस्तरमधल्या अशा दगडांबद्दल ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. मोठा दगड एकट्याने हलत नाही, त्याला माणसं लागतात. बाबांनी दाखवलेल्या दगडावर ना नाव होतं, ना तारीख. मी विचारलं, "मग कुणाचा ते कळतं कसं?"

बाबा हसले. "ज्यांनी उचलून आणला त्यांना माहीत असते ना."

शेवटी एवढंच पाठवलं:

"दादा, बाबा गेल्याचं कळलं. मी त्यांना एकदाच भेटलो. त्यांनी मला आजोबांचा दगड दाखवला होता आणि माझ्या प्रश्नावर हसले होते. ते हसणं लक्षात आहे. तुमच्याइतके ते मला माहीत नाहीत, म्हणून जास्त लिहीत नाही. त्यांचा दगड आणायचा ठरला की कळवा. उचलायला येतो. तोवर ऑफिसची तुमची कामं माझ्याकडे."

रात्री उशिरा उत्तर आलं. "दगड उन्हाळ्यात आणू. या."

बास. तेवढ्यात सगळं आलं.

उन्हाळ्यात जाणार आहे.