आकडा कळला, कारण कसे कळणार?

गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेल्या कोल्हापूर शहराच्या सामाजिक पाहणीचा पहिला खंड 1948 साली प्रसिद्ध झाला. एन. व्ही. सोवनी यांच्या या खंडाचा विषय होता लोकसंख्या आणि जननप्रमाण. अशा पाहणीतून कोणत्या घरात किती मुले हे समजते. परंतु तो निर्णय घरात कसा होतो, हे तक्त्यातून दिसत नाही.

हीच अडचण 1941 साली न्यूयॉर्कमध्ये पॉल लाझर्सफेल्ड यांच्यापुढे होती. रेडिओ कार्यक्रम ऐकताना श्रोते आवडल्यास हिरवे आणि न आवडल्यास लाल बटण दाबत. नोंद मिळे, कारण मिळत नसे. म्हणून नंतर त्यांच्याशी गटाने बोलत. रॉबर्ट मर्टन यांनी हे बोलणे पाहिले, तेव्हा विचारणाराच उत्तरे सुचवतो आहे असे त्यांना आढळले. त्यातून 'केंद्रित मुलाखत' घडली. पुढे रिचर्ड क्रूगर यांनी प्रश्नांचा क्रम, म्हणजे प्रश्नमार्ग, टप्प्यांत मांडला.

समजा, आज आपण कोल्हापुरात अशीच पाहणी केली आणि तिला जोड म्हणून सात-आठ सुनांचा गट बसवला. सासवांचा गट वेगळा ठेवू, नाहीतर सुना गप्प बसतील.

आरंभीचा प्रश्न : 'आपण कोणत्या पेठेत राहता, किती वर्षांपासून?' प्रत्येकीने अर्ध्या मिनिटात उत्तर द्यावे, एवढाच हेतू. येथे शिक्षण किंवा मुलांची संख्या विचारू नये. लगेच लहान-मोठेपणा ठरतो.

परिचयाचा प्रश्न : 'मोठे कुटुंब म्हटले की डोळ्यांपुढे काय येते?' याला चूक उत्तर नाही.

संक्रमणाचा प्रश्न : 'तुमच्या आईच्या वेळचे घर आणि तुमचे घर, यांत काय बदलले?' सर्वसाधारण बोलणे येथे स्वतःच्या अनुभवाकडे वळते.

मग मुख्य प्रश्न, दोन ते पाच. प्रत्येकाला दहा-वीस मिनिटे द्यावीत. पहिला असा : 'आता आणखी मूल नको, हे घरात प्रथम कोण बोलले? पुढे काय झाले?' 'का?' असे थेट विचारले, तर माणूस सभ्य दिसेल असे कारण शोधतो; घडलेले सांगायला लावले, तर कारण आपोआप बाहेर येते.

मुख्य प्रश्न आधीच विचारला, तर 'लहान कुटुंब चांगले' अशी घोषणा ऐकू येते. बायका एकमेकींशी न बोलता आपल्याकडेच पाहून उत्तरे देत असतील, तर संक्रमण फसले असे समजावे.

आणि एक मर्यादा. 'आठांपैकी सहा जणी म्हणाल्या' यावरून शहराची टक्केवारी काढता येत नाही, कारण गट नमुना म्हणून निवडलेला नसतो. किती, हे पाहणीने सांगावे. कसे, हे गटाने.