शिल्लक रकान्याची बेरीज

कारखान्याच्या स्टोअरमध्ये रॅकला तारेने अडकवलेलं एक जाड कार्ड असतं. त्याला बिन कार्ड म्हणतात. तारीख, आवक, जावक, शिल्लक असे चार रकाने आणि शेवटी सहीची जागा. संगणक आल्यावरही बऱ्याच ठिकाणी ते लटकतच राहिलं, कारण रॅकसमोर उभं राहून माल मोजणाऱ्याला हाताशी असलेला आकडा हवा असतो. भोसरीत सुट्या भागांच्या एका कारखान्यात मी काही वर्षं नियोजनाचं काम केलं. तिथल्या बिन कार्डावरचा शिल्लक रकाना सगळे बघायचे, पण त्याची बेरीज कोणी करत नसे. आणि करावी तरी कशाला? सोमवारची शिल्लक अधिक मंगळवारची शिल्लक म्हणजे काय, याला वरवर पाहता काही अर्थच नाही.

पण अर्थ आहे. पुरवठा साखळीत रोज वापरला जाणारा एक नियम त्या बेरजेतूनच निघतो. सरासरी साठ्याला रोजच्या जावकेने भागलं, की माल सरासरी किती दिवस आत राहतो ते कळतं. याला लिटलचा नियम म्हणतात. आमच्याकडे नव्याने आलेल्या एका ट्रेनी पोराने तो वहीत ‘छोटा नियम’ असा लिहून घेतला होता. चूक त्याची नव्हती, त्या गृहस्थांचं आडनावच तसं.

जॉन लिटल हे मूळचे भौतिकशास्त्राचे. एमआयटीत फिलिप मोर्स यांच्या हाताखाली त्यांनी 1955 साली पीएच.डी. केली. मोर्स म्हणजे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलासाठी पाणबुड्यांच्या शोधाचं गणित मांडणारे. लिटल यांच्या प्रबंधाचा विषय होता धरणात साठवलेलं पाणी वीजनिर्मितीसाठी केव्हा आणि किती सोडायचं हा. म्हणजे आवक, जावक आणि शिल्लक तिथेही होतीच, फक्त रॅकच्या जागी जलाशय होता.

नियमाचं मूळ मात्र पाण्यातही नाही आणि मालातही नाही. ते रांगेत आहे. रांगांचं गणित सुरू झालं टेलिफोनपासून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या आग्नेर एरलांग यांनी 1909 साली कॉल कसे येतात यावर पहिला निबंध लिहिला, आणि पुढची चाळीसेक वर्षं या शास्त्राने मुख्यतः टेलिफोन एक्स्चेंजचीच चाकरी केली. रांगेत सरासरी किती जण, दर तासाला किती येतात आणि प्रत्येकाला किती वेळ लागतो, हे तीन आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत हे जाणकारांना दिसत होतं. ॲलन कोबम यांनी 1954 सालच्या एका निबंधात हा संबंध सिद्ध न करताच वापरून टाकला. मोर्स यांनी 1958 साली रांगा, साठे आणि देखभाल या तिन्ही विषयांवर मिळून एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी नोंदवलं की तपासलेल्या प्रत्येक नमुन्यात हा संबंध खरा ठरतो, आणि कुठे खोटा ठरतो ते शोधायचं आव्हान वाचकांना दिलं.

त्या वेळी लिटल क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये हेच पुस्तक घेऊन शिकवत होते. एकदा तास संपल्यावर सिड हेस नावाच्या विद्यार्थ्याने विचारलं, की हे सर्वसाधारणपणे सिद्ध करणं कितपत अवघड असेल? फारसं नसावं, असं लिटल म्हणाले. मग तुम्हीच करा, असं पोराने ऐकवलं. मास्तर शब्दात अडकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते नँटकेट बेटावर जड गणिताची पुस्तकं घेऊन बसले आणि 1961 साली ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात पाच पानांची सिद्धता छापून आली. L = λW. L म्हणजे रांगेतली सरासरी संख्या, λ म्हणजे येण्याचा दर आणि W म्हणजे एकेकाचा सरासरी मुक्काम. पुढे लिटल मार्केटिंगच्या गणिताकडे वळले आणि त्यातही मोठे झाले. पण नाव चिकटलं ते या पाच पानांना.

यानंतरची भावकी मजेची आहे. 1967 साली जूएल यांनी निबंध छापला, शीर्षकाचा आशय ‘एक सोपी सिद्धता’. 1969 साली आयलन यांचा आला, ‘आणखी सोपी सिद्धता’. 1974 साली स्टिडम यांनी ‘शेवटचा शब्द’ अशा अर्थाचं शीर्षक देऊन वाद मिटवला. एवढे लोक सोपं करायला धावले, कारण मूळ सिद्धता संभाव्यतेच्या जड भाषेत होती आणि नियम मात्र नुसता हिशेबाचा वाटत होता. तो हिशेबाचाच आहे हे बिन कार्डावर दिसतं.

एक रिकामा रॅक घ्या. सोमवारी तीन पेट्या आल्या, रात्री शिल्लक 3. मंगळवारी दोन आल्या, एक गेली, शिल्लक 4. बुधवारी एक गेली, शिल्लक 3. गुरुवारी एक आली, दोन गेल्या, शिल्लक 2. शुक्रवारी एक गेली, शिल्लक 1. शनिवारी तीही गेली आणि रॅक पुन्हा रिकामा झाला. आता शिल्लक रकान्याची बेरीज करा: 3, 4, 3, 2, 1 मिळून 13.

हे 13 कशाचे? रॅकवर काढलेल्या रात्रींचे. प्रत्येक रात्री आपण हजर पेट्या मोजल्या, म्हणजे हजेरीपटावर एकेक खूण केली. तोच पट आता आडवा वाचा, दिवसाऐवजी पेटीप्रमाणे. आधी आलेली आधी गेली असं धरलं, तर सोमवारच्या तिघींनी 1, 2 आणि 3 रात्री काढल्या. मंगळवारच्या दोघींनी 2 आणि 3, गुरुवारच्या एकटीने 2. बेरीज पुन्हा 13. उभ्या बेरजेला पाच रात्रींनी भागलं की सरासरी साठा मिळतो, 2.6. सहा पेट्या पाच रात्रींच्या हिशेबात गेल्या, म्हणजे दर 1.2. भागाकार आला दोन रात्रींहून किंचित जास्त. आणि आडव्या बेरजेला सहा पेट्यांनी भागलं तरी तेवढंच उत्तर येतं. दुसरं काही येऊच शकत नाही, कारण बेरीज एकच आहे.

आता क्रम उलटा करा. हमालाने नेहमी वरची, म्हणजे शेवटी आलेली पेटी उचलली असं समजा. मग मंगळवारची एक पेटी त्याच दिवशी गेली, दुसरी एक रात्र राहिली, गुरुवारची आल्या पावली गेली, आणि सोमवारच्या तिघी 3, 4 आणि 5 रात्री पडून राहिल्या. बेरीज? 13. सरासरी तसूभरही हलली नाही. नियमाचं बळ इथेच आहे आणि त्याची मर्यादाही. आवक कशी येते, कोणाचा नंबर आधी लागतो, काम किती वेळ चालतं, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. पण म्हणूनच तळाशी पाच रात्री पडलेली पेटी त्याला दिसतही नाही. माल औषधाचा असेल तर मुदत संपते ती नेमकी त्या पेटीची.

रांगेतून कारखान्यात येताना नियमाने कपडे बदलले. रांगवाले दारात येणाऱ्यांचा दर धरत, कारखानदार बाहेर पडणाऱ्या मालाचा धरतात. साठा वाढत किंवा घटत नसेल तर दोन्ही एकच. 1996 साली हॉप आणि स्पीअरमन यांच्या ‘फॅक्टरी फिजिक्स’ या पुस्तकाने चालू कामाचा साठा, उत्पादनाचा दर आणि एकूण लागणारा वेळ या रूपात तो शॉप फ्लोअरवर रुजवला.

आमच्याकडे एका भागाचा हिशेब असा होता. आकडे सोयीसाठी गोल करतो. कच्चा फोर्जिंग माल 4,000 नग, मशीनच्या मधे मधे ट्रॉल्यांत 2,500, तयार माल 1,500 आणि वाटेत ट्रकमध्ये 1,000. एकूण 9,000. रोजची जावक 600. म्हणजे लोखंड आमच्या दारात शिरल्यापासून गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचेपर्यंत पंधरा दिवस. प्रत्यक्ष मशीनवरचं काम वीस मिनिटांचंही नव्हतं. मशीनचा वेग वाढवा असा धोशा लावणाऱ्या मॅनेजरना हा भागाकार दाखवला, तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.

मग ते म्हणाले, “पण माझ्या रिपोर्टमध्ये तर पाच दिवस दिसतात.”

तेही खरं होतं. रिपोर्ट महिनाअखेरच्या शिलकीवर बनायचा. शेवटच्या चार दिवसांत डिस्पॅचची झुंबड उडायची, विक्रीचं टार्गेट गाठायचं म्हणून जे असेल ते ट्रकमध्ये भरलं जायचं, आणि 31 तारखेला साठा उरायचा 3,000. नियमाला सरासरी साठा लागतो. आमचा रिपोर्ट महिन्यातली सर्वांत रिकामी रात्र निवडून तिला सरासरी म्हणत होता. रोजची शिल्लक मांडून बेरीज केली, तेव्हा 9,000 वर आलो.

असाच घोळ रुपयांत होतो, आणि तो जास्त फसवा असतो. साठा खरेदीच्या किमतीने 60 लाखांचा, महिन्याची विक्री 50 लाखांची. भागलं की 36 दिवस. पण विक्रीत नफा मिसळलेला आहे. त्याच विकलेल्या मालाची मूळ किंमत 40 लाख असेल तर खरे दिवस 45. वरचा आकडा मूळ किमतीचा असेल तर खालचाही तोच हवा.

तिसरी अडचण आम्हाला खडूने सापडली. स्टोअरकीपर मामांचा असल्या भागाकारांवर विश्वास नव्हता. त्यांनी कच्च्या मालाच्या काही ट्रॉल्यांवर खडूने आवकेची तारीख लिहिली आणि त्यांतला माल गिऱ्हाइकाच्या दारात पोहोचेपर्यंत पाठपुरावा केला. बारा दिवस लागले. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा बाराच्या आसपास. हिशेब पंधरा म्हणतो आणि खडू बारा. “साहेब, तुमचं गणित तीन दिवस जास्त खातंय,” मामा म्हणाले.

गणित खात नव्हतं. नियमाची अट अशी की आलेला माल कधी ना कधी गेला पाहिजे. रोज 600 नगांच्या चालीत तीन दिवस म्हणजे 1,800 नग, जे मोजले जात होते पण हलत नव्हते. दोन दिवस शोधाशोध केल्यावर ते सापडले. जुन्या ड्रॉइंगचे, निर्णयासाठी थांबलेले, कंप्रेसर रूमच्या मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली रचलेले. बिन कार्डही होतं. त्यावरची शेवटची जावक चौदा महिन्यांपूर्वीची होती, आणि त्यापुढे प्रत्येक महिन्याच्या मोजणीत कोणीतरी इमानेइतबारे तीच शिल्लक लिहून खाली सही केली होती.