आलेखातील रेषांचा क्रम

विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने 1786 साली लंडनमध्ये व्यापारविषयक आलेखांचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील एका आलेखात इंग्लंडचा डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशी 1700 ते 1780 या काळात झालेला व्यापार दाखविला आहे. खाली वर्षे आहेत आणि उजव्या कडेला दर 10 हजार पौंडांची खूण आहे. एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची. प्रारंभी आयात सुमारे 70 हजारांवर असून निर्यात तिच्या निम्म्याच्या आसपास आहे. 1755 च्या सुमारास दोन्ही रेषा एकमेकींस छेदतात आणि पुढे निर्यात झपाट्याने वर जाते.

हा आलेख पुस्तकात वाचणारा आपल्या सवडीने मागेपुढे पाहू शकतो. सभागृहातील श्रोत्याला ती सवड नसते. सगळे चित्र एकदम पडद्यावर आले, की त्याची नजर उजवीकडच्या रुंद फटीवर खिळते, आणि प्रारंभीची अर्ध्या शतकाची तूट त्याच्या ध्यानातच येत नाही. इंग्लंडचा पक्ष आधी दुबळा होता हे न कळले, तर रेषांच्या छेदाला अर्थ तो काय उरणार?

म्हणून रेषा एकेक करून आणावयाच्या. पॉवरपॉइंटमध्ये आलेखाला Wipe हा परिणाम From Left या दिशेने द्यावा आणि Effect Options मध्ये By Series निवडावे. प्रथम नुसती चौकट येते. तेवढ्यात वक्त्याने वर्षे व पौंड समजावून सांगावे. मग आयात डावीकडून उजवीकडे सरकत येते. ती पुरी झाल्यावर क्षणभर थांबावे. त्यानंतर निर्यात येते, आणि ती आयातीला गाठते तो क्षण श्रोता स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली रेषांच्या नावांची. बाजूची नावांची यादी चौकटीबरोबरच प्रकट होते व पुढचे आधीच सांगून टाकते. यादी काढून टाकून प्रत्येक नाव त्या त्या रेषेच्या अखेरच्या बिंदूवर लिहावे, म्हणजे ते रेषेबरोबरच येते. दुसरी चूक मापाची. काही जण एका रेषेचा एक व दोन रेषांचा एक असे दोन वेगळे आलेख करतात. पहिल्यात माप आपोआप सव्वा लाखाच्या आतच थांबते आणि आयात माथ्याजवळ दिसते. दुसऱ्यात माप 2 लाखांवर जाते आणि तीच आयात खाली बसते. व्यापार घटला असा भास होतो. आयातीची रेषा दुसऱ्या चित्रात जागची हलली, की समजावे, माप बदलले. दोन्हीकडे कमाल आकडा हाताने 2 लाख ठेवावा.

अखेरीस मात्र दोन्ही रेषा पडद्यावर राहू द्याव्यात. आपण लावलेला क्रम हे आपले प्रतिपादन असते. ते पारखून घेण्यासाठी श्रोत्याला संपूर्ण आलेख हवाच.