पित्ताचे खरे काम

श्रोतेहो, सोलापूरकडच्या ताटात ज्वारीची भाकरी, एखादी पालेभाजी आणि बाजूला शेंगदाण्याची चटणी हे त्रिकूट ठरलेले. त्यातील चटणीला आपण तोंडी लावणे म्हणतो. परंतु पालेभाजीतले एक मोलाचे द्रव्य अंगी लागायचे तर त्या चटणीतल्या तेलाची गरज असते, आणि ते तेल अंगी लागायचे तर पित्ताची. हे कसे कळले, त्याची हकिकत आज सांगायची आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. छातीत जळजळ झाली की आपण म्हणतो पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या की म्हणतो पित्त उठले. या दोन्हींचा खऱ्या पित्ताशी संबंध नाही. जळजळ होते ती बहुधा जठरातील आम्लामुळे. खरे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू रस. कोंबडी साफ करताना जी लहानशी हिरवी पिशवी फुटू नये म्हणून जपतात, तिच्यात तो असतो. माणसाचे यकृत दिवसाकाठी पाऊण ते एक लिटर पित्त तयार करते. जेवणात तेलतूप आले की पित्ताची पिशवी आकुंचन पावते आणि हा रस लहान आतड्याच्या आरंभी उतरतो.

आता इतिहासाकडे वळू. 1622 साली इटलीतील गास्पारे आसेल्ली या वैद्याने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याच्या पडद्यावर त्याला दुधासारख्या पांढऱ्या बारीक नळ्यांचे जाळे दिसले. उपाशी कुत्र्यात त्या दिसत नाहीत. पुढे उलगडा झाला की पांढरेपणा असतो तो अन्नातून शोषलेल्या चरबीचा. म्हणजे चरबी अंगात शिरली की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी ओळखण्याची खूण हाती आली. पुढची सव्वादोनशे वर्षे ही खूण कामाला आली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांनी ती सशावर वापरली. सशाची रचना मोठी सोयीची आहे. त्याच्या आतड्यात पित्ताची नळी जठराजवळच उघडते, आणि स्वादुपिंडाच्या रसाची नळी मात्र तिथून सुमारे फूटभर खाली उघडते. बर्नार यांनी सशाला चरबी खाऊ घातली आणि पाहिले. पित्त मिळाल्यानंतरच्या फूटभर आतड्यावर नळ्या पांढऱ्या नव्हत्या. स्वादुपिंडाचा रस मिळाला तिथून पुढे त्या पांढऱ्या झाल्या होत्या. निष्कर्ष सरळ दिसत होता, की चरबी पचवतो तो स्वादुपिंडाचा रस, पित्ताचे त्यात काही चालत नाही.

पण विचार करा, या प्रयोगात एक पळवाट राहिली होती. जिथे नळ्या पांढऱ्या झाल्या तिथे स्वादुपिंडाचा रस होता खरा, पण वरून वाहत आलेले पित्तही होतेच. मग पित्त निरुपयोगी असे कसे ठरवावे? बर्नार यांचेच शिष्य अल्बेर दास्त्र यांनी पुढे 1880 नंतरच्या दशकात हा प्रयोग उलटा केला. त्यांनी कुत्र्याची पित्तनळी बांधून टाकली आणि पित्ताची पिशवी आतड्याला बरीच खाली जोडून दिली. आता स्वादुपिंडाचा रस वर आणि पित्त खाली. चरबी खाऊ घातल्यावर पांढऱ्या नळ्या दिसल्या त्या पित्त मिळाल्यानंतरच्या भागात! दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की निवाडा आपोआप होतो: एकटा रस पुरत नाही, दोन्ही एकत्र आले तरच काम भागते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे आपल्या पाठ्यपुस्तकातले वाक्य आठवा. ‘पित्त चरबीचे बारीक थेंब करते.’ हे खरे आहे, पण अर्धेच. तेलाचा मोठा थेंब फुटून बारीक थेंब झाले की त्यांचा पृष्ठभाग वाढतो आणि स्वादुपिंडाच्या रसातील लायपेज हे पाचकद्रव्य त्यावर काम करू शकते. तेलाचा कण म्हणजे एका आडव्या दांडीला लोंबणाऱ्या तीन शेपट्या समजा. लायपेज त्यातल्या दोन शेपट्या तोडते. सुटलेल्या शेपट्या म्हणजे मेदाम्ले, आणि एक शेपटी उरलेली दांडी म्हणजे मोनोग्लिसराइड. पचन झाले. पण शोषण अजून व्हायचे आहे, आणि खरी अडचण पुढेच आहे.

आतड्याच्या अस्तराला लागून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न ढवळला जाणारा थर असतो. नदी कितीही खळखळो, काठच्या लव्हाळ्यात पाणी संथ असते ना, तसाच. तेलाचे हे तुकडे पाण्यात फारसे विरघळत नाहीत. मग हा थर ओलांडून ते पलीकडे जाणार कसे?

इथे पित्तातले पित्तक्षार पुढे येतात. पित्तक्षाराच्या कणाला दोन बाजू असतात. एका बाजूला पाणी आवडते, दुसरीला तेल. असे पुष्कळ कण जमले की ते तेलाकडच्या बाजू आत आणि पाण्याकडच्या बाजू बाहेर करून एक चिमुकली टोपली रचतात. तिला शास्त्रात मायसेल म्हणतात. मेदाम्ले आणि मोनोग्लिसराइड या टोपलीत बसतात आणि पाण्यातून बिनबोभाट पलीकडे पोचतात. चादर धुताना साबण तेलकट मळ पकडून पाण्याबरोबर नेतो, रिठाही तेच करतो, जात तीच.

वर्गात हे दाखवता येईल. काचेच्या पेल्यात पाणी आणि चार थेंब गोडेतेल घालून हलवा. तेल लगेच वर येईल. मग साबणाचे पाणी घालून हलवा. सारे दुधाळ होईल. पण मुलांना एवढे बजावून सांगा, की हा दुधाळपणा म्हणजे बारीक थेंब, मायसेल नव्हे. मायसेल इतकी लहान असते की एका मिलिमीटरच्या लांबीत सुमारे दोन लाख मावतील. ती ज्या पाण्यात असते ते पाणी स्वच्छच दिसते.

मग ती आतड्यात खरोखरच असते, हे कशावरून? 1962 ते 1964 या काळात ॲलन हॉफमन हे अमेरिकन आणि बेंग्ट बॉर्गस्ट्रॉम हे स्वीडिश शास्त्रज्ञ यांनी ते दाखवले. त्यांनी चरबीयुक्त जेवणानंतर माणसांच्या लहान आतड्यातला रस नळीवाटे काढला आणि अतिशय वेगाने फिरणाऱ्या यंत्रात घालून त्याचे थर वेगळे केले. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे तसे तेल वर आले. खाली राहिला तो नितळ पाण्याचा थर. आणि त्या नितळ थरातच मेदाम्ले व मोनोग्लिसराइडे पित्तक्षारांच्या संगतीने भरलेली सापडली. दास्त्र यांच्या कुत्र्यात पित्ताची वाट कशासाठी पाहावी लागत होती, याचे उत्तर या थरात मिळाले.

अस्तराशी पोचल्यावर टोपली रिकामी होते. माल आत जातो, तिथे त्याचे पुन्हा तेल बनते आणि आसेल्लीने पाहिलेल्या पांढऱ्या नळ्यांतून पुढे जाते. टोपली मात्र आत जात नाही. पित्तक्षार आतड्यातच राहून शेवटच्या टोकापर्यंत वाहतात. तिथे त्यांतले शेकडा 95 परत शोषले जाऊन यकृताकडे जातात. आपल्या शरीरात पित्तक्षार असतात अवघे दोन ते चार ग्रॅम. तेवढेच भांडवल दिवसातून सहा ते दहा वेळा फेऱ्या मारते. शरीराचा हिशेब मोठा काटकसरी, बरं का!

आता पित्त आतड्यात उतरलेच नाही तर? नळीत खडा अडकला किंवा गाठीने ती दाबली की असे होते. गंमत अशी, की तेव्हाही तेल सगळेच वाया जात नाही. मेदाम्ले पाण्यात थोडी तरी विरघळतात, म्हणून निम्म्याच्या आसपास चरबी शोषली जाऊ शकते. पण अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. त्यांना टोपलीवाचून गती नाही.

के जीवनसत्त्वाने हा धडा फार कठोरपणे शिकवला. पूर्वी अडथळ्याच्या काविळीचे रोगी शस्त्रक्रियेला घ्यायला शल्यविशारद बिचकत. शस्त्रक्रिया नीट होई आणि रोगी नंतर रक्तस्रावाने जाई. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांतून रक्त गोठण्यास लागणारे एक जीवनसत्त्व ओळखले आणि 1935 साली त्याला के हे नाव दिले. त्याचा चांगला साठा कुठे मिळाला? आपण जनावरांना घालतो त्या लसूणघासात. 1938 साली अमेरिकेतील डॉक्टरांनी काविळीच्या रोग्यांना के जीवनसत्त्वाचा अर्क दिला, पण त्याबरोबर पित्तक्षारही तोंडाने दिले, आणि रक्त पुन्हा नीट गोठू लागले. रोग्याच्या आहारात के नव्हते असे नाही. ते नेणारी टोपली नव्हती. आज हे जीवनसत्त्व इंजेक्शनने देतात. त्याने रक्त गोठणे सुधारले तर दोष शोषणाचा होता. सुधारले नाही तर यकृतच थकलेले असण्याचा संभव, असा अंदाजही त्यावरून बांधता येतो.

घरच्या माणसांना कळण्याजोग्या खुणा अशा: डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज आणि शौच शाडूच्या मातीसारखे पांढरट. शौचाचा नेहमीचा रंग पित्तातूनच येतो; तो गेला म्हणजे पित्त खाली उतरत नाही. साध्या काविळीतही काही दिवस असे होऊ शकते, पण ही पारख डॉक्टरांनी करायची असते. पाला-मंत्रात दिवस घालवू नयेत.

शेवटी आपले ताट पाहू. मेथी, शेपू, चवळई यांत कॅरोटीन असते. शरीर त्याचे अ जीवनसत्त्व करते आणि त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. कॅरोटीनही तेलाच्याच जातीचे. भाजी नुसती उकडून दिली तर पिशवी आकुंचन पावत नाही, टोपल्या भरत नाहीत, आणि पुष्कळसे कॅरोटीन तसेच बाहेर जाते. मग तेल लागते तरी किती? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी लहान मुलांना पालेभाजीबरोबर 5 आणि 10 ग्रॅम स्निग्ध पदार्थ देऊन पाहिले. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दिसले, की स्निग्ध पदार्थांमुळे रक्तातील अ जीवनसत्त्व अधिक वाढते आणि त्यासाठी 5 ग्रॅमही पुरतात. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा तेल. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मे तेल असते. तेव्हा दहा-बारा ग्रॅम दाण्यांची चटणी तेवढे काम करते. चमचाभर तेल कामाचे म्हणून वाटीभर अधिक कामाचे, असे मात्र नाही. पोराच्या ताटात भाजी वाढाल तेव्हा तेवढी चटणीही वाढा, आणि भाजी व चटणी एकाच जेवणात पोटात जाऊ द्या. सकाळची चटणी रात्रीच्या भाजीला उपयोगी पडत नाही.